चि. की श्री.

मास्तरांचा उजवा हात लुळा पडला, डोळ्यांवर पडदा आला, पण ताठा काही गेला नाही. "मी बोलावणार नाही," ते म्हणत, "यायचं तर येईल." आणि दारापाशी खुट्ट झालं की मान तिकडेच वळायची. पहिल्या बायकोचा तो एकुलता एक मुलगा. मास्तरांनी दुसरं लग्न केलं तेव्हा घर सोडून गेला, तो लांब कुठेतरी मोठा साहेब झाला. घरचा फोन उचलत नसे. आता डॉक्टरांनीही हात टेकले होते.

म्हणून तिने, त्या मुलाच्या सावत्र आईने, मास्तरांना न सांगता पत्र लिहायला घेतलं. मायन्यावरच गाडं अडलं.

"श्री. लिहू?" तिने नणंदेला विचारलं.

"घरच्या पोराला श्री.? वहिनी, विजेच्या बिलाची तक्रार करतेयस का? नात्याने तू आई. चि. लिही, खाली अनेक आशीर्वाद."

"त्याला चालेल?"

"आशीर्वाद कुणाला टोचत नाहीत गं."

देवाचं नाव घेऊन तिने चि. लिहिलं.

उत्तर आलं. "साहेबांचं दिसतंय," पोस्टमन दारातूनच मोठ्याने म्हणाला. पाकिटावर तिचं नाव होतं. तिने उभ्या उभ्याच कागद वाचला आणि पुन्हा घडी घातली.

"वाच," पलंगावरून आवाज आला. "मायन्यापासून."

तिने डोळे मिटले. "तीर्थरूप बाबांस आणि तीर्थरूप आईस, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मी लवकरच..."

"थांब," मास्तर म्हणाले. "मायने मीच शिकवलेत त्याला. तीर्थरूप फक्त जन्मदात्यांना. तुला तो फार तर तीर्थस्वरूप लिहील. तीर्थरूप नाही लिहिणार. खरं वाच."

तिने घडी उलगडली आणि वाचलं, "महोदया, आपले पत्र मिळाले. माझ्या नावाआधी चि. लावण्याचा अधिकार दोघांनाच होता. त्यांपैकी एक हयात नाही. येणे होणार नाही. कळावे."

"नमस्कार?"

"नाही."

"कुठेच?"

"नाही हो."

मास्तरांनी डाव्या हाताने पांघरूण चाचपलं. "तू चि. लिहिलंस?"

"हो. चुकलं माझं."

"श्री. लिहिलं असतंस तर कदाचित आला असता. अनोळखी माणसाच्या पत्राला तो मान देतो."

"मग पुन्हा लिहू? श्री. लावून?"

"आता नको. चि. पुसून श्री. लिहायचं म्हणजे तो आपला कुणी नाही, असं आपणच कबूल करायचं. त्याला तेवढंच हवंय."

ती पलंगाच्या काठावर टेकली. बाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या, पायरीपर्यंत आल्या, पुढे निघून गेल्या. मास्तरांनी या वेळी मान वळवली नाही.