रिबिनीची शेपटी

लहानूजी निनाव्यांची ढोलकी खुंटीला टांगलेली होती आणि तिच्यावर जुन्या लुगड्याची खोळ होती. ते लुगडं त्यांच्या बायकोचं, जनाबाईचं. जनाबाई गेली तेव्हापासून लहानूजी भजनाला गेले नव्हते. मंडळातली माणसं दोन-चार वेळा बोलवायला आली, दारात बसली, चहा पिऊन गेली. मग त्यांनीही येणं सोडलं. गल्लीत हातमाग चालत होते, मुलगा गिरणीत जात होता, सून घर बघत होती, आणि लहानूजी दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत होते. कुणाला त्यांचं काही काम उरलेलं नव्हतं. हेच त्यांना सगळ्यात जड जात होतं, पण बोलणार कुणाजवळ?

एके दिवशी शाळा सुटल्यावर नात वच्छला धावत आली. मागून तिच्या खेळाच्या बाई, पुष्पलताबाई, पायरी चढत होत्या.

"आबाजी, आमच्या शाळेले तुमची ढोलकी पाहिजे," वच्छला धापा टाकत म्हणाली.

"घेऊन जा मंग. खुंटीवर हाय."

"आणि हातही पाहिजेत," बाई हसून म्हणाल्या.

बाईंनी उन्हाळ्यात एक शिबिर केलं होतं. तिथं त्यांनी जिम्नॅस्टिकचा एक नवा प्रकार शिकून घेतला होता: मुली लांब रिबिनी आणि मोठी गोल कडी घेऊन संगीतावर करतात तो. सातवीच्या मुलींना तो शिकवून त्या स्नेहसंमेलनात दाखवणार होत्या. गाण्याची तबकडीही आणली होती, पण शाळेचा रेकॉर्ड प्लेअर म्हातारा झालेला. सूर मध्येच ओढल्यासारखा लांबायचा आणि मुली एका पायावर ताटकळत उभ्या राहायच्या. गाणं शिकवणारे विश्वनाथ सर पेटी वाजवायला तयार होते. ठेका धरणारं कुणी नव्हतं.

"मले कवायतीचं वाजवता येत नाही, बाई," लहानूजी म्हणाले.

"कवायत नाही हो ही. साधा केरव्याचा ठेका वाजवायचा. तुमचा तर तो हातातला."

लहानूजींनी खोळ काढली. दोरीची ओढ ताणून पाहिली, चामड्याच्या पुडीवर थाप मारली. सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि परत आत गेली.

शाळेच्या मैदानावर दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. रिबिनी बाईंनी स्वतः शिवल्या होत्या. साटीनच्या लांब पट्ट्या, मुलीच्या तिप्पट उंचीच्या, बांबूच्या पातळ काठीला बांधलेल्या. काठी आणि रिबीन यांच्यामध्ये एक छोटी फिरती कडी होती, म्हणजे रिबिनीला पीळ पडत नसे. मोठी कडी बुरडाकडून वेताची करून घेतलेली, वरून रंगीत चिंध्या गुंडाळलेल्या.

बाई मोजून शिकवत. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. पहिल्या आठात बाजूला मोठी वर्तुळं, खांद्यापासून सबंध हात फिरवून. दुसऱ्या आठात मागे चालत जमिनीवर साप, तो नुसत्या मनगटाने. तिसऱ्यात समोर भोवरा. चौथ्यात डोक्यावरून आडवा आठचा आकडा काढून हात बदलायचा आणि थांबायचं. कडीवाल्या मुली त्याच वेळी कडी जमिनीवरून गडगडत पलीकडे सोडायच्या. पलीकडची मुलगी एक गिरकी घेऊन ती उचलायची, हाताभोवती फिरवायची आणि त्यातून पार निघायची.

"कुणी रिबीन घ्यायची, कुणी कडी, ते तुम्हीच ठरवा," बाई मुलींना म्हणत. "पण एक हालचाल संपल्याशिवाय दुसरी सुरू नाही करायची. रिबीन जमिनीवर मेली की संपलं."

पहिले दोन दिवस झकास गेले. विश्वनाथ सरांनी पेटीवर सोपी चाल बसवली होती आणि लहानूजींची बोटं कित्येक महिन्यांनी मोकळी होत होती. मैदानाच्या कडेला चतकोर सतरंजीवर बसून ते वाजवत आणि संध्याकाळी घरी जाताना वच्छलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत. त्या दिवसांत ते दोन घास जास्त जेवले.

मग सगळा कार्यक्रम सलग करायची वेळ आली, आणि घोळ झाला.

सुरुवात बरोबर व्हायची. पण रंग चढला की लहानूजींच्या हाताला भजनाची सवय आठवायची. भजनात शेवटाकडे लय चढत जाते. टाळ जोरात, ढोलकी त्याहून जोरात, माणसं डोळे मिटून डोलतात. कुणी सांगावं लागत नाही, ते रक्तातच असतं. लहानूजींचा हात चढला की पेटी चढायची. मुली धावायला लागायच्या. भोवरा पुरा होण्याआधीच आठचा आकडा सुरू व्हायचा, रिबिनीचं टोक अजून मागेच असायचं, आणि पट्टी स्वतःलाच वेढा घालून गाठ मारून बसायची. कडी मात्र आपल्याच चालीने गडगडत यायची. पलीकडची मुलगी गिरकी घेऊन रिकामे हात पसरून उभी.

"आबाजी, हळू वाजवा नं!" वच्छला ओरडली.

"हळूच वाजवून राहिलो वं."

"हळू? आगगाडी सुटल्यासारखं वाजवून राहिले तुमी!"

मुली खिदळल्या. लहानूजीही हसले. पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला शाळेच्या मोठ्या बाई व्हरांड्यातून पाहत होत्या. त्या खाली आल्या, दोन रिबिनींचा गुंता हातात घेतला आणि पुष्पलताबाईंना म्हणाल्या, "हे असं लोकांसमोर जायचं नाही. उद्या मला नीट करून दाखवा. नाहीतर दरवर्षीसारखं लेझीम ठेवा. ते निदान गुंतत नाही."

त्या गेल्या. एक मुलगी गाठ सोडवता सोडवता रडायला लागली.

लहानूजींनी ढोलकीला खोळ घातली. "बाई, दुसरा कोणी पहा. माझ्या हाताले भजनाची खोड हाय. ते जायची नाही आता. माझ्यापायी पोरींचं काहून बुडवता?"

पुष्पलताबाईंकडे दुसरं कुणी नव्हतं. त्या गुंता घेऊन खाली बसल्या.

वच्छला मात्र आजोबांसमोर येऊन उभी राहिली आणि तिने आपली काठी त्यांच्या हातात दिली. "उठा आबाजी. तुमी करून पहा."

"मी? सत्तरीचा माणूस रिबीन फिरवीन? गल्लीतले हासतीन."

"हासू द्या. उठा."

विश्वनाथ सर पेटीमागून म्हणाले, "उठा लहानूजी, आज नातीच्या वर्गात बसा. पट्टीचा मार खायची तयारी ठेवा."

लहानूजी धोतर सावरून उठले. काठी धरली ती चाबूक धरल्यासारखी. एकदा झटकली. रिबीन फट्‌ करून वाजली आणि त्यांच्याच मानेला गुंडाळली. मुली हसून लोळल्या. वच्छलाने मानेचा वेढा सोडवला.

"झटकायचं नाही. सोडायचं," ती म्हणाली आणि त्यांचं मनगट स्वतःच्या हातात धरून तिने ते मोठ्या वर्तुळात नेलं. "आता काठीकडे नका पाहू. शेवटाकडे पाहा. शेपटी वर येऊन राहिली का? येऊ द्या. आली. आता दुसरं वर्तुळ."

लहानूजींनी पाहिलं. हात वर जाऊन परत खाली यायला लागला तरी पट्टीचं शेवटचं टोक अजून वर चढतच होतं. हाताने दिलेली चाल तिथवर पोचायला वेळ लागत होता. त्यांनी एकदा घाई केली, तर टोक अर्ध्यातच पडलं. पुन्हा केलं, थांबून. टोक हवेत गोल वळलं आणि हाताच्या मागोमाग आलं. हातात काहीच वजन नव्हतं, तरी एवढं मोठं वर्तुळ हवेत उभं होतं.

"एवढा वेळ लागते हिले?" ते हळूच म्हणाले.

"मंग! तुमी आम्हाले तेवढाही देत नाही."

लहानूजी पुन्हा सतरंजीवर बसले, पण आता त्यांनी पाहायची जागा बदलली. आधी ते मुलींच्या तोंडाकडे पाहत वाजवत. आता वच्छलाच्या रिबिनीच्या टोकावर नजर ठेवली. टोक पोचलं की मगच पुढच्या समेची थाप. सुरुवातीला हात दोनदा चढला, तेव्हा टोक जमिनीवर पडलेलं त्यांनी स्वतः पाहिलं आणि स्वतःच चरकले. अंधार पडेपर्यंत तालीम चालली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी पाहिलं, मान डोलावली आणि "ठेवा" एवढंच म्हणाल्या.

संमेलनाच्या दिवशी मैदान भरलं. मांडवात पुढे पाहुणे, मागे आईबाप, भिंतीवर चढलेली पोरं, आणि एका कोपऱ्यात लहानूजींची भजनातली माणसं. ढोलकी वाजवायला लहानूजी आहेत हे गल्लीत पसरलं होतं.

मुली दोन रांगांनी आत आल्या. पेटीचा सूर लागला, ठेका लागला, आणि सगळ्या रिबिनी एकदम उठल्या. लोकांनी असं काही पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी "वाऽऽ!" म्हणालं. कडी रांगांमधून गडगडत गेली आणि पलीकडच्या हातात बरोबर जाऊन बसली. तेवढ्यात भजनवाल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

आणि टाळ्या चढायला लागल्या.

एक कोपरा, मग अर्धा मांडव, मग सगळं मैदान. लहानूजींना ती लाट ओळखीची होती. आयुष्यभर तिच्यावर बसून ते गेले होते. त्यांच्या मनगटात ती शिरू पाहत होती. विश्वनाथ सरांनी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. मुली भोवऱ्यावर आल्या होत्या, पुढे आठचा आकडा होता, आणि टाळ्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. वच्छलाने एकदा आजोबांकडे चटकन पाहिलं.

लहानूजींनी जोर लावून टाळ्यांशी भांडण केलं नाही. त्यांनी उलट केलं. थाप सोडून दिली आणि नुसत्या बोटांच्या टोकांनी ठेका धरला, अगदी हळू, पाळण्यातलं मूल उठेल म्हणून वाजवावं तसा. ढोलकी ऐकू येईना म्हणून पुढचे लोक कान देऊ लागले. कान द्यायचा तर टाळी थांबवावी लागते. पुढच्या रांगा थांबल्या, मग मागच्या. कोपऱ्यातला त्यांचा जुना टाळकरी शेजाऱ्याला कोपराने ढोसत म्हणाला, "चूप गा, लहानू काही सांगून राहिला."

मैदान शांत झालं. त्या शांततेत साटीनची सळसळ ऐकू आली. शेपटी आली, पोचली, मग सम. आठचा आकडा डोक्यावरून आडवा गेला, काठ्या या हातातून त्या हातात गेल्या, आणि मुली थांबल्या. रिबिनी एकामागून एक खाली आल्या. एकीलाही गाठ नव्हती.

मग टाळ्या पडल्या त्या कुठल्याच ठेक्यात नव्हत्या.

मांडवामागे मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. पुष्पलताबाई लहानूजींच्या पाया पडायला वाकल्या, तर लहानूजींनी पाय मागे घेतले आणि ढोलकी खाली ठेवून सगळ्या मुलींसमोर हात जोडले. एक-दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या.

"आबाजी, आम्हाले काहून नमस्कार करून राहिले?" वच्छलाने विचारलं. "आम्ही लहान हाओ नं!"

"तुमी मले वाजवू दिलं वं, पोरींनो," लहानूजी म्हणाले, "म्हणून."