तीन ढीग

आमच्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गिऱ्हाइकाला वस्तूची खोट आधी दाखवायची खोड आहे. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान त्यांनी चौतीस वर्षं चालवलं, ते असंच. कुणी फ्रॉक हातात घेतला की हे म्हणणार, "ताई, काखेत शिवण थोडी सैल आहे, बघून घ्या." त्या ताईला काखेतलं काही दिसलेलंच नसायचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पण लोक त्यांच्याकडेच परत यायचे, हेही खरं.

आता दुकान बंद करायचं ठरलं होतं. बाबांचे गुडघे शिडीवर चढायला तयार नव्हते, आणि माझा नवरा आकडे बघतो ते फक्त कारखान्यातल्या यंत्रावरचे. महिनाअखेरीला गाळा रिकामा करून द्यायचा होता. शेवटच्या सवलतीत जे खपायचं ते खपलं. उरले अडतीस खोके, दर खोक्यात तीस नग, म्हणजे अकराशे चाळीस.

आणि ते खोके विकले गेले नाहीत तर ते कुठे येणार होते? माझ्या खोलीत. घरात मागच्या बाजूला एक खोली आहे, खिडकीवाली. तिथे मी शिवणाचा वर्ग सुरू करणार होते. सहा जणींनी नावं दिली होती. तोवर मी जेवणाच्या टेबलावर कापड कापत होते आणि डाळीचे डाग चुकवत होते. त्या खोलीसाठी मी तीन वर्षं थांबले होते. अडतीस खोके आत गेले असते तर मला उंबऱ्यावर बसून शिवावं लागलं असतं.

तर एकगठ्ठा माल उचलणाऱ्या एका लॉटवाल्याला बोलावलं. तो यायच्या आधी बाबांनी जाहीर करून टाकलं, "सत्तरच्या खाली नगामागे एक पैसा कमी घेणार नाही."

"सत्तर कुठून काढलेत?"

"माझी सरासरी खरेदी एकशे चाळीस. त्याचे निम्मे. निम्म्याच्याही खाली गेलं की तो माल राहत नाही, भंगार होतं."

माझा हिशेब आदल्या रात्रीच मनातल्या मनात झाला होता. आपण कितीला घेतलं हे लॉटवाला विचारतसुद्धा नाही. तो बघतो की हे आपल्याकडून कितीला जाईल. तीन रविवार आम्ही दोघांनी बसून सगळा माल निवडला होता. कोरे, सगळ्या साइजचे मिळून चारशे ऐंशी. ते तो एकशे वीसला सहज विकेल. साइज तुटलेले, म्हणजे ज्या डिझाइनचा एखादाच आकडा उरलाय असे, तीनशे नव्वद. ते पासष्टच्या आसपास. काचेत उन्हाने एका बाजूने रंग उडालेले, बटण गेलेले, डाग पडलेले असे दोनशे सत्तर. ते रस्त्यावरच्या ढिगात वीस-वीसला जातील. सगळ्याची सरासरी काढली तर पाऊणशेच्या थोडी वर. त्यातून टेंपो, घडीची मजुरी, न खपणारा माल आणि लॉटवाल्याची कमाई काढा. हातात राहतात साठ. कितीही ओढाताण केली तरी साठच.

मी साठवर आणि बाबा सत्तरवर, आणि मध्ये माझी खोली.

लॉटवाला आला. गोल पोटाचा, बोलका माणूस. बाबा म्हणाले, "बसा, चहा सांगून येतो," आणि शेजारच्या हॉटेलात गेले. चहा सांगायला गेले की ते तिथल्या मालकाशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय परतत नाहीत.

लॉटवाला बसला नाही. थप्पीतून त्याने मधलाच एक खोका ओढला, उलटा केला, तळाची चिकटपट्टी टर्रकन फाडली आणि खालून हात घालून पाच-सहा नग काढले.

"खालून का?" मी विचारलं.

"वहिनी, बावीस वर्षं या धंद्यात आहे. वर लोक नवरी सजवून ठेवतात. कचरा कायम तळाला. तळ बघितला की खोका कळतो."

त्याने शिवणी ओढून बघितल्या, कॉलर उलटली, आकडे वाचले. दुसरा खोका उलटा केला, मग भिंतीच्या कडेचा, मग अगदी मागचा. असे सहा. आणि प्रत्येक वेळी त्याच्या हातात कोरा, कडक, सगळ्या साइजचा माल येत गेला. त्याच्या भुवया वर जायला लागल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खोके बाबांनी भरले होते. आणि आपल्या सवयीप्रमाणे त्यांनी प्रत्येक खोक्यात सगळ्यात वर उडालेले आणि डागाळलेले ठेवले होते, मध्ये साइज तुटलेले आणि तळाला कोरे. घेणाऱ्याला खोट आधी दिसावी म्हणून. लॉटवाला मालाचा सगळ्यात चांगला भाग बघत होता आणि त्याला वाटत होतं की हाच सगळ्यात वाईट आहे.

"तळाला असा माल," तो स्वतःशीच पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "हे बघा, घासाघीस नको. पंच्याऐंशी देतो. सगळा लॉट, आत्ता टेंपो बोलावतो."

पंच्याऐंशी! माझी खोली मला दिसायला लागली, खिडकीखाली यंत्र आणि भिंतीला आरसा. बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. उगाच का लपवू, मी पदराने काउंटर पुसत उभी राहिले. म्हटलं, मी खोटं कुठे बोलतेय? त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माल त्याने स्वतःच्या हाताने बघितलाय. अशा वेळी माणसाचं डोकं फार भराभर चालतं.

तेवढ्यात बाबा आले, चहाची किटली घेऊन. उलटे पडलेले खोके बघून ते हसायलाच लागले.

"अहो, हे उलटे का केलेत? वरचं बघितलंत का?"

"वरचं काय काका, वरचं तर सगळेच दाखवतात."

"आमच्यात वर खराब असतं," बाबा म्हणाले, आणि सरळ एक खोका उघडून त्यांनी वरचा फ्रॉक त्याच्यासमोर धरला. एक बाजू गुलाबी, एक बाजू पांढरट. "हा बघा. असे दोनशे सत्तर आहेत. तुमच्या नजरेतून सुटायला नकोत."

लॉटवाला स्टुलावर मटकन बसला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी किटलीकडे बघितलं.

"काका," तो हळूच म्हणाला, "खराब माल वर कोण ठेवतं हो?"

"ज्याला परत तोंड दाखवायचंय तो."

मला बाबांचा राग आला, आणि त्याच क्षणी त्यांच्यावर इतकी माया दाटून आली की काय करावं कळेना. मी चहा ओतला.

पण लॉटवाला आता बिथरला होता. माणूस एकदा चकला की दुसऱ्या टोकाला जातो. "मग माझा भाव पन्नास," तो म्हणाला. "आत अजून काय-काय निघेल देव जाणे."

"सत्तर," बाबा म्हणाले.

"पन्नास."

"सत्तर. त्याच्या खाली न्यायचा असेल तर राहू दे. घरी नेऊ."

घरी म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. लॉटवाल्याने कप खाली ठेवला, रुमालाने हात पुसले आणि चपला शोधायला लागला.

"थांबा!" मी म्हणाले. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. मी दोन खोके काउंटरवर पूर्ण ओतले आणि भराभर तीन ढीग केले. मापाचा खडू काढून काउंटरवरच लिहिलं: ४८०, ३९०, २७०. "हा कोरा, हा तुटलेला, हा खराब. सगळ्या खोक्यांत थोडं कमी-जास्त, पण हेच प्रमाण आहे. हवे तेवढे खोके उघडा आणि मोजून घ्या. आणि भाव एक नको. तीन लावा."

"तीन भाव लावले की तुम्ही चांगलं ठेवून घेणार आणि वाईट माझ्या गळ्यात मारणार. लॉटमध्ये चांगल्याच्या जिवावर वाईट जातं वहिनी."

"एकही नग ठेवून घेणार नाही. सगळा लॉट तुमचा. फक्त चांगल्याचा भाव चांगल्याला."

बाबांकडे मी मुद्दाम बघितलं नाही. मला त्यांचं सत्तर आता कळायला लागलं होतं. आकड्याचं दुःख त्यांना नव्हतंच. कोऱ्या फ्रॉकला आणि डागाळलेल्या फ्रॉकला एकच भाव, हे त्या माणसाने चौतीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

लॉटवाल्याने आणखी चार खोके उघडले, या वेळी वरून खालपर्यंत. मोजले. प्रमाण जमलं. त्याचा चेहरा जरा निवळला. "कोऱ्याला नव्वद."

"शंभर."

"पंच्याण्णव, आणि आता बोलू नका."

मधल्या ढिगाला पंचेचाळीस म्हणाला, मी पन्नासवर आणला. खराबाला दहा म्हणाला. तिथे बाबा पहिल्यांदा बोलले, "बारा करा. त्याला बटणं लावलीत तर तीसला जाईल. बटणं देतो." आणि खणातून बटणांचा डबा काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवला. लॉटवाला हसला. बारा झाले.

दुपारी टेंपो भरून गेला. दुकान इतकं मोठं होतं हे मला पहिल्यांदाच कळलं. आमचं बोलणं भिंतींवरून परत येत होतं. काउंटरवर माझे खडूचे आकडे तसेच होते. बाबा स्टुलावर बसून ते वाचत होते.

"साठला पाच पैसे कमी पडले," ते म्हणाले.

मी चपापले. "काय?"

"सरासरी. एकूण साठ कमी आले, नाहीतर अगदी साठ झाले असते. पोरी, बेरीज मलाही येते."

"मग सत्तरवर कशाला अडून बसलात?"

"मी सत्तर म्हटलं नसतं तर त्याने पन्नासलाच उचलला असता." मग म्हणाले, "आणि पंच्याण्णव ऐकून बरं वाटलं. ते खोटं कशाला बोलू."

मी खडू पुसायला फडकं घेतलं, तर म्हणाले, "राहू दे. याच्यावर तुला कापड कापायचंय, तेव्हा पूस." आणि खिशातून एक चौघडी कागद काढला. खोक्यांची पहिली यादी, पहिल्या रविवारची, माझ्याच अक्षरातली. मागे त्यांच्या अक्षरात काउंटरची लांबी-रुंदी, खाली माझ्या खोलीची मापं, आणि खिडकीपाशी एक चौकोन.

माल निवडायला सुरुवात केली त्याच दिवशी त्यांनी खोली मोजली होती.

शेवटी जे पोटात होतं ते ओठावर आलं. "बाबा, त्याने पंच्याऐंशी म्हटले तेव्हा मी गप्प बसले. मला माहीत होतं सगळं."

"कळलं मला. किटलीकडे कुणी इतकं बघतं का?"

"मला ती खोली हवी होती."

"वेडी," बाबा म्हणाले. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले आणि काउंटरचं एक टोक धरलं. "खोली तुझीच होती. माल विकला नसता तर खोके माझ्या पलंगाखाली गेले असते. धर तिकडून, जड आहे."