ठिकाण आदल्या दिवशी कळेल

तानाजीला व्यवहारात कुणी गंडवू शकत नाही, असं माण तालुक्यातल्या त्याच्या अख्ख्या भावकीचं मत होतं, आणि हे मत पसरवण्यात सगळ्यात मोठा वाटा खुद्द तानाजीचाच होता. त्यामुळे पुतणीच्या, सोनियाच्या, लग्नाचा फोटोग्राफर ठरवायची वेळ आली तेव्हा थोरल्या भावाने, आप्पासोने, गावाकडून त्यालाच फोन लावला.

"तू कराडच्या मलकापूरजवळच हायस न्हवं? तिथली उत्कर्षा म्हणून फोटोवाली हाय. सोनियानं तिला काय पायजे ते फोनवर सांगितलंय. तू जाऊन कोटेशन वाच, दर पाड आन् ॲडव्हान्स देऊन तारीख धर. पैसं मी तुज्या फोनवर टाकतो."

तानाजी जवळ होता हे खरं. दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको हरणाबाई मेंढरं घेऊन घाट उतरत आणि मृगापर्यंत कराडच्या बागायती पट्ट्यात फिरत. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत शेतकऱ्याला, धान्य आपल्याला, दोन-तीन रात्री झाल्या की बिऱ्हाड घोड्यावर आणि पुढचं रान. यंदा मेंढ्या गाभण होत्या, हाताखालचा गडी मध्येच सोडून गेला होता आणि उसात बिबट्या फिरत होता. दोघा भावांपैकी एकाने मेंढरांजवळ राहायचं हा बापाच्या वेळेपासूनचा नेम. सांगलीला वैशाखात लग्न. आप्पासो नवरीचा बाप, त्याला जावंच लागणार, हरणाबाईही दिवसभरापुरती जाऊन येणार. म्हणजे राहणार कोण, हे कुणी बोलून दाखवायची गरजच नव्हती.

तानाजीने ते मान्य केलं होतं. तोंडाने केलं होतं, एवढंच. सोनिया लहानपणी तीन हंगाम ह्या दोघांबरोबर रानोमाळ हिंडली होती, घोड्यावरच्या बिऱ्हाडात कोंबड्यांच्या शेजारी बसून. ह्या दोघांना मूलबाळ नाही. तिची आई कधी रागावली की ती म्हणायची, मी तात्याकडं जाते. आता ती सांगलीच्या दवाखान्यात नर्स होती आणि नवरा मुलगा, मल्हार, मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशोब बघायचा. भावकीतल्या घराघरातून तिची केळवणं चालली होती, लग्नाआधी नवरीला बोलवून गोडधोड खाऊ घालायचं, साडीचोळी करायची. तानाजीने मात्र तिला बोलावलं नव्हतं. हरणाबाईने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "कुठं बोलवायचं? ढेकळात? तिच्यासंगं जावई यायचा, सासरचं कुणी यायचं. बसवायचं कशावर?" आणि उठून मेंढरांकडे गेला.

तर हा माणूस धुतलेला पटका बांधून मलकापूरला गेला. उत्कर्षाचा स्टुडिओ म्हणजे हायवेच्या आतल्या बाजूला एक गाळा, भिंतीवर नवरानवरींचे मोठे फोटो. नवरा व्हिडिओ काढायचा, फोटो, अल्बम आणि पैशाचं बोलणं उत्कर्षाकडे. तिने कोटेशन छापून ठेवलं होतं. तानाजीने ते हातात घेतलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. सातवीपर्यंतचं शिक्षण त्याने असं जपून वापरलं होतं.

लग्नाचा दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, दहा तास, फोटो व व्हिडिओ, चाळीस पानी अल्बम धरून अडतीस हजार. केळवण, चार तास, तासाला दीड हजारप्रमाणे सहा हजार. अल्बमची जादा पानं दहा, पानाला अडीचशे. प्रवास, मलकापूर ते सांगली जाऊन येऊन, एकवीसशे. त्याच्याखाली आणखी एक ओळ: केळवणाचा प्रवास, ठिकाण आदल्या दिवशी कळेल, होईल तेवढ्या किलोमीटरचे वेगळे. एकूण अठ्ठेचाळीस हजार सहाशे. आगाऊ पंधरा हजार, ते मिळाल्याशिवाय तारीख धरली जाणार नाही.

तानाजीचं बोट त्या प्रवासाच्या ओळीवर थांबलं. मनातल्या मनात त्याला हसू आलं. चोर सापडला होता.

"बाई, ही गाडी कुठं जाणार हाय हे ठरल्याबिगर भाडं लावलंय व्हय?"

"काका, ठिकाण ठरलेलं नाही म्हणूनच रक्कम लिहिली नाही. होईल तेवढंच घेईन."

"आन् केळवणाचं फोटो? माणसं जेवताना दिसायची, दुसरं काय? तोंडात घास आन् बोटाला रस्सा. त्याचं सहा हजार?"

उत्कर्षा जरा घोटाळली. "सोनियाताईंनी मुद्दाम सांगितलंय. ती दहा पानंही त्याच फोटोंसाठी आहेत. त्यांना विचारून घेता का एकदा?"

"पोरीला काय कळतंय त्यातलं. बापाचं पैसं हायत. ही ओळ काढा, ही पानं काढा, हे भाडं काढा."

फोटोवालीने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची तिची हिंमत झाली नाही. तिने नवं कोटेशन छापलं, चाळीस हजार शंभरचं. तानाजीने वरचे शंभर सोडायला लावले, बारा हजार ॲडव्हान्स फोनवरून पाठवला, पावती घेतली आणि दोन्ही कागद खिशात घालून मुक्कामी आला. येताना तो चक्क शीळ घालत होता.

हरणाबाई कोकराला बाटलीने दूध पाजत होती. तिच्यासमोर त्याने सगळा पराक्रम सांगितला, कुणी न मागताच जुना कागद वाचूनही दाखवला. आठ हजार सहाशे वाचवले, वर गाडीभाडं वेगळंच.

"कुणाचं केळवण?" हरणाबाईने विचारलं.

"आसंल कुणाचं तरी. ठिकाण बी ठरलेलं न्हाई. आदल्या दिवशी कळंल म्हणं."

हरणाबाईने कोकराच्या तोंडातून बाटली काढली. नवऱ्याकडे तिने असं बघितलं की तो कागदाआड झाला.

"आवं, आपल्या भावकीत समद्यांची घरं हायत. चुलत्यांची, आत्याची, मामाची. कोण कुठं ऱ्हातंय हे आदल्या दिवशी कळायचं, आसं बिऱ्हाड कुणाचं हाय?"

 तानाजीने ती ओळ पुन्हा वाचली, मग बोट ठेवून पुन्हा एकदा. दहा पानं. चार तास. ठिकाण आदल्या दिवशी कळेल. आज ह्या रानात, परवा त्या रानात, ज्याला टपालसुद्धा येत नाही त्याच्या घरी यायचं म्हणून पोरीने फोटोवालीला पैसे मोजायचं कबूल केलं होतं, आणि त्याने स्वतःच्या बोटाने, घासाघीस करून, ते खोडायला लावलं होतं.

"मग मला बोलली का न्हाई?" तो शेवटी म्हणाला.

"केळवण कुणी मागून घेतंय व्हय? बोलवायचं आपुन असतंय. तुमी बोलवीना, म्हणून तिनं बापाकरवी कागद वाचायला तुमालाच धाडलं. तिला वाटलं, तात्या शाणा हाय, वाचल्यावर कळंल त्याला."

ही चपराक होती आणि बरोबर जागी बसली. तानाजी उठला, मेंढरांभोवतीच्या जाळीला एक फेरी मारून आला, परत बसला, परत उठला. फोन काढून नंबर शोधला. बाजारात अडत्याशी भांडताना न अडखळणारा माणूस, पण नंबर दाबायच्या आधी त्याने समोर कुणी असल्यासारखा पटका नीट केला.

सोनियाने फोन उचलला. मागे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती.

"सोने, मी तात्या बोलतोय. तुजं... तुजं आमच्याकडं केळवण करायचं हाय. मल्हाररावास्नी बी घिऊन ये. बसायला घोंगडं हाय, दुसरं काय न्हाई बग आमच्यापाशी."

मागची गडबड कमी होत गेली, ती कुठेतरी बाजूला गेली असावी. मग ती म्हणाली, "तात्या, मी मकर संक्रांतीपासनं वाट बघतीया."   मग तिने उगाच गाभण मेंढ्यांची चौकशी केली आणि त्यानेही एकेकीचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला उत्कर्षाला दिसला. काल काढलेल्या तिन्ही ओळी परत घालायच्या होत्या. तिने वही बघितली. ज्या रविवारी सोनियाने वेळ धरायला सांगितली होती, त्या दिवशी तिने कालच संध्याकाळी एक बारसं घेतलं होतं. त्याच्या आधीचा रविवार मोकळा होता, म्हणजे पाचच दिवस हातात. सोनियाने दवाखान्यात सुट्टी बदलून घेतली. आता तानाजीची पंचाईत अशी, की त्या शनिवारी बिऱ्हाड हलवून पलीकडच्या शेतकऱ्याच्या रानात जायचं त्याने कबूल केलं होतं, आणि ते रान आडबाजूला, गाडीवाट नसलेलं. आयुष्यात पहिल्यांदा तानाजीने दिलेला शब्द दोन दिवस पुढे ढकलला. शेतकरी कुरकुरला. तानाजीने त्याला एक रात्र फुकट मेंढरं बसवायचं सांगितलं.

उत्कर्षाने कोटेशनात ठिकाण लिहिलं, मलकापूरच्या हद्दीतलं रान, आणि केळवणाच्या भाड्याची ओळ आपणहून काढून टाकली. राहिलेला तीन हजारांचा ॲडव्हान्स तानाजीने स्वतःच्या पैशातून दिला. आणि काल सोडायला लावलेले शंभर रुपये परत द्यायला लागला, ते मात्र तिने घेतले नाहीत.

रविवारी हरणाबाईने पुरण घातलं, तीन दगडांच्या चुलीवर. तानाजीने पहाटेपासून ढेकळं फोडून अंगणाएवढी जागा सपाट केली, पाणी मारलं, घोंगडं अंथरलं. सोनिया आली ती मल्हारसह, पण बसली ती घोंगड्यावर नव्हे, चुलीपाशी. मल्हार अवघडून बसला होता, पण एक कोकरू त्याच्या मांडीवर येऊन निवांत झोपल्यावर त्याला हलताच येईना, मग तोही मोकळा झाला. साडीचोळी झाली, ओवाळून झालं. उत्कर्षा वाकून, बसून, ढेकळात गुडघे टेकून फोटो काढत होती. जेवतानाचेही काढले. तानाजीच्या बोटाला रस्सा होता आणि त्याने तो पुसला नाही.

निघायची वेळ झाली. सोनियाने पर्समधून हळदीकुंकवाच्या पुड्या काढल्या आणि त्याच्यासमोर पदर पसरून बसली.

"तात्या, अक्षतेच्या येळंला तुमी नसणार. म्हून अक्षतेचं जोंधळं तुमच्या हातानं रंगवून द्या. मांडवात माझ्या डोक्यावर पडणाऱ्या पयल्या अक्षता तुमच्याच पायजेत. काकी टाकंल."

तानाजी बिऱ्हाडातून जोंधळे घेऊन आला. ह्याच रानांत मेंढरं बसवून कमावलेले. ओंजळीत हळदकुंकू आणि पाण्याचा शिंतोडा घेऊन तो दाणे चोळत बसला, मान खाली घालून, कारण वर बघितलं असतं तर कॅमेऱ्यात सगळं दिसलं असतं. उत्कर्षाला कळलं. तिने फक्त हातांचे फोटो घेतले.

रंगलेले जोंधळे त्याने पुतणीच्या पदरात ओतले. तिने गाठ मारायला घेतली तर म्हणाला, "थांब," आणि आणखी एक ओंजळ रंगवून आणली. मग आणखी एक. पदर जड होऊन खाली लोंबायला लागला.

"आवं, अक्षता हायत," हरणाबाई म्हणाली, "पोरीला रान पेरायचं न्हाई."

"असूं दे," म्हणत तानाजी परत पोत्याकडे वळला, आणि सोनियाने गाठ सोडून पदर पुन्हा पसरला.