लेखकाचा राग

सुप्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या सम्राटनं वडिलांवरचा लेख पूर्ण केला आणि दीड महिना कपाटात ठेवला. दिवाळी अंकाला धाडण्याआधी, जणू कुणा परक्यानं लिहिलाय अशा नजरेनं तो वाचायला बसला आणि तिसऱ्याच पानावर भडकला.

"कोण हा लेखक? बाप एसटीनं डबा घेऊन गेटवर येतो, आणि हा तीन पानं स्वतःच्याच लाजेवर लिहितो! डब्यात काय होतं, त्याची एक ओळ नाही!"

"अहो, तुम्हीच लिहिलंय," बायको दिशा म्हणाली.

"म्हणून सोडू का त्याला?"

त्यानं समासात 'डब्यात काय होतं?' असं रागानं खरडलं. उत्तर काही आठवेना, म्हणून वडिलांना फोन लावला.

"आण्णा, त्या दिवशी डब्यात काय हुतं?"

"म्हंजी तू उघडलाच न्हाईस व्हय रं, गाढवा?"