पैलवानाच्या भागीदारीला उत्तर

मी एका कंपनीत नोकरीला आहे, लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्या जुन्या सहकाऱ्याने, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, स्वतःची दुरुस्तीची कंपनी काढली आणि मला भागीदारीला बोलावलं. पहिलं वर्षभर हाती काही पडणार नव्हतं.

"दीड वर्षाचा घरखर्च बँकेत आहे तुझ्या. आता कशाला घाबरतोस, लेका?" तो म्हणाला.

आकडा बरोबर होता. त्यातला बराचसा पैसा बायकोच्या विम्याचा होता. पण ती होती तेव्हा घरात दोन पगार यायचे. आता मुलीचं कॉलेज आणि सासूबाईंची औषधं माझ्या एकट्यावर आहेत.

सासूबाई भाजी निवडत होत्या, तेव्हा त्यांना विचारलं.

"पैसे पुरतील हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुराल का? मागे पगार जरा उशिरा आला, तर जेवताना घास हातात तसाच, आणि डोळे मोबाईलवर."

"ती असती तर म्हणाली असती, टाका उडी."

"म्हणालीच असती. पण तेव्हा धीर तिचा होता, जावईबापू."

राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पैलवानाला सांगितलं, "साहेबांची परवानगी काढून सुट्टीच्या दिवशी तुझ्याकडे येतो, मजुरी दे. भागीदारीचं मुलगी कमवायला लागल्यावर बघू."

"तोवर हिस्सा महाग होईल."

"होऊ दे. मी महागात घेईन."

"भित्रा आहेस," तो हसला, आणि रविवारी किती वाजता यायचं ते सांगितलं.