धारेची जुनी साडी

पहाटे गोठ्यात जाताना जानकी नेहमी तीच विटकी जांभळी साडी नेसायची. शेणाचा, दुधाचा आणि पेंडीचा वास त्या साडीत इतका मुरला होता की कितीही धुतली तरी जात नसे. दोन्ही म्हशींना, चांदीला आणि मोगरीला, तो वास आला की त्या रवंथ थांबवून मान वळवायच्या. मग जानकी त्यांच्या पाठीवरून हात फिरवी, हळू आवाजात काहीबाही बोले, आणि म्हैस पान्हा सोडी.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाही गोठा भरलेला होता. तेव्हा हिशेब कोणी करत नसे. पेंढा घरच्या भाताचा, गवत घरच्या कातळावरचं, आणि म्हैस व्याली की खरवस आधी देवाला, मग वाडीतल्या प्रत्येक घरात. सासू म्हणायची, जो दारात येईल त्याच्या भांड्यात पळीभर पडलंच पाहिजे. आता अर्धी शेतं पड होती, पेंढा टेम्पोतून विकत येत होता, आणि कट्टा गावच्या बाजारात पेंडीचं पोतं घेताना जानकीचा जीव वरखाली होई.

जितेंद्र, तिचा एकुलता एक मुलगा, पणजीच्या हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला होता. तिथेच सुरीखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आली. जखम भरली, पण बोटं वळेनात. तो घरी आला आणि महिने गेले तरी परत गेला नाही. गवत कापणं, शेण काढणं, मालवणच्या खानावळींना दूध पोचवणं, सगळं तो करू लागला. फक्त धार काढणं त्याच्या हाताला जमेना. दिवाळी झाली तसा हॉटेलवाल्याचा फोन आला. भाज्या निवडायचं, भांडारावर बघायचं काम आहे, महिनाअखेरीपर्यंत ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो.

त्या दुपारी पडवीत बसून त्याने मोबाइलवर आकडेमोड केली. घरचे तांदूळ होते, वर आठ हजार सुटले तर तो राहणार होता. दोन म्हशींचं मिळून विकायचं दूध दिवसाला बारा लिटर, भाव सत्तर. महिन्याला पंचवीस हजार दोनशे. पेंडीला नऊ हजार दोनशे, पेंढ्याला तीन हजार, जंताचं औषध, खनिज मिश्रण, डॉक्टरची फी मिळून आठशे. उरले बारा हजार दोनशे. आंबा बागायतदार शेणखत नेत, त्याचे सरासरी सतराशे. चौदा हजारांच्या घरात गेलेला आकडा बघून त्याचा चेहरा उजळला.

जानकीला तो चेहरा तसाच राहू द्यायचा होता. पण खोटा आकडा तिच्या गळी उतरेना.

"झिला, दोनय म्हशी वर्षभर दुधाक रवणत नाय," ती म्हणाली. "आटली काय चार म्हयने तिका फुकट पोसूची लागता."

जितेंद्रने पुन्हा मांडलं. एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत चौदा महिने धरले, तर दूध दहाच महिने. म्हणजे सरासरी दुधाचे अठरा हजार. आटलेल्या म्हशीला पेंड कमी लागते, तेव्हा खर्च उतरला तो साडेअकरा हजारांवर. राहिले साडेसहा, आणि खताचे धरून आठ हजार दोनशे.

"बसता," तो म्हणाला. "वर दोनशेच, पण बसता."

"आणि मजुरी?"

"घरच्या माणसांची मजुरी कित्या धरूची, आये?"

जानकीने पदर सारखा केला. तिचा उजवा हात पदराखाली होता. गणपतीनंतर बहिणीकडे जाते असं सांगून ती कणकवलीला डॉक्टरकडे जाऊन आली होती. मनगटात शीर दाबली गेली होती. धार काढणं बंद करा, डॉक्टर म्हणाला, नाहीतर बोटांतली ताकद जाईल, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. ती औषधं घेऊन आली आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवली. हात अजून चालतोय, चालेल तोवर चालेल, असं तिने मनाशी ठरवलं होतं. मुलगा एकदा राहिला की मग सांगता येईल.

पण हाताने तितकी वाट पाहिली नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी मोगरीची धार अर्ध्यावर असताना तिची बोटं उघडीच राहिली. बादली कलंडली. जितेंद्र धावत आला तेव्हा ती ओल्या जमिनीवर बसून डाव्या हाताने उजवा हात चोळत होती, आणि दूध मोरीकडे निघालं होतं.

"तू माका आधी कित्या सांगूक नाय?" त्याने विचारलं.

"सांगलंय असतंय तर तू रवलो असतंस?"

तो बादली उचलून धुवायला गेला.

शेजारच्या महादूला बोलावलं. महादूचा हात चांगला होता, गावात चार घरच्या धारा तो काढायचा. पण परका माणूस जवळ येताच चांदीने पाय झाडला आणि मोगरीने दूध चोरलं. दोघींचं मिळून निम्मंसुद्धा निघालं नाही. मग जानकीनेच आपली जांभळी साडी आणून महादूच्या डोक्यावरून पांघरली.

"वयनी, म्हस फसात," महादू साडीच्या आतून म्हणाला, "पण असो बघल्यान तर बायल माका घरात घेवची नाय."

जितेंद्र हसला, जानकीही हसली. साडीने थोडं काम केलं. पण आठवडा उलटला तरी रोजचे दोन लिटर कमीच येत होते. दोन्ही वेळच्या धारेचे महादूने महिन्याला पाच हजार सांगितले, आणि ते वाजवीच होते. जितेंद्रने धारेच्या यंत्राचीही चौकशी केली, पण दोन म्हशींमागे त्याची किंमत कधी फिटणार, हे दुकानदारालाही सांगता येईना.

पुन्हा आकडेमोड झाली. आठ हजार दोनशेतून महादूचे पाच गेले. घटलेल्या दुधाचे, आटलेले महिने वगळून, तीन गेले. जितेंद्रने मोबाइल तिच्यापुढे धरला. चष्म्याशिवाय तिला आकडा दिसला नाही.

"दोनशे," तो म्हणाला. मग बाहेर बघत, "म्हणजे आये, आजवर घर तुझ्या हातार चललां."

हॉटेलला त्याने त्याच संध्याकाळी फोन केला.

म्हशी घ्यायला घाटावरून व्यापारी आला. त्याने कासा दाबून पाहिल्या, दात पाहिले, जितेंद्रशी घासाघीस केली. टेम्पोला फळी लावली तेव्हा मोगरी चढेना. जानकीने पाठीवर हात ठेवला तशी ती चढली, आणि तिच्यामागून चांदी आणि दोघींची रेडकं.

व्यापारी पैसे मोजून झाल्यावरही घुटमळत होता. "मावशी, धार काढताना कुठली साडी नेसता तुम्ही?" त्याने विचारलं. "जुनी असली तरी द्या. नव्या गोठ्यात त्याशिवाय पान्हा सोडायच्या नाहीत. त्याचे वेगळे पैसे देतो."

जानकी आत गेली. खुंटीवरची जांभळी साडी काढली, सवयीने नाकाशी नेली, घडी घालायचा प्रयत्न केला. उजव्या हाताला घडी जमेना. तशीच चुरगळलेली आणून तिने व्यापाऱ्याच्या हातात दिली. त्याने पुढे केलेली नोट तिने मागे सारली.

"ऱ्हावंदेत," ती म्हणाली. "तां हिशेबात नव्हतां."

टेम्पो वळणाआड गेला. जितेंद्र बॅग भरायला घरात गेला. जानकीने गोठ्यात जाऊन दावी सोडवली. संध्याकाळच्या पेंडीचं घमेलं तिने सकाळीच भिजवून ठेवलं होतं, ते तसंच फुगून काठाला आलं होतं.