गादीखालची फरशी

‘तुम्ही फक्त येऊन बाबांना सांगा, की फरशी ठीक आहे,’ बाई फोनवर म्हणाल्या, आणि माझं डोकंच सटकलं. अहो, मी इलेक्ट्रिशियन आहे, कोर्टातली साक्षीदार नाही! आधी बघणार, मग बोलणार. पण बाहेर दात वाजतील अशी थंडी होती, आणि बाईंचा आवाज रडवेला. पिशवी उचलली आणि गेले.

दोन खोल्यांचं तळमजल्याचं घर. बाई शिवणकाम करणाऱ्या, ब्लाउजच्या कापडाचे धागे अजून बाहीला चिकटलेले. मला दारातच थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, ‘बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलंय. पुढच्या आठवड्यात. माझ्याच्यानं आता होत नाही हो. कधी म्हणतात खालून भाजतंय, कधी म्हणतात गारठून मेलो. एकाच खोलीत! रात्री गादी ओढत ओढत दारापाशी नेतात, सकाळी मला तिथं कुडकुडताना सापडतात. भाऊ म्हणतो, डोक्यावर परिणाम झालाय. तुम्ही सांगितलंत की गप बसतील, बिचारे निमूट येतील.’

आता आलं का लक्षात? माझ्या एका वाक्यावर म्हाताऱ्याची रवानगी होणार होती. असलं काम कुणाला हवंय!

आजोबा आत खुर्चीत बसले होते. आडवा बांधा, मोठे पंजे. जन्मभर बेकरी चालवलेला माणूस. मला बघून म्हणाले, ‘या. तुम्ही पण सांगायला आलात का, मला वेड लागलंय म्हणून?’

‘फरशी बघायला आलेय, आजोबा.’

‘बघा मग. तिकडं भाजतंय,’ खिडकीकडे बोट, ‘आणि तिकडं बर्फ,’ दाराकडे बोट. ‘आयुष्य भट्टीसमोर गेलं माझं. भाजणं मला कळत नाही होय?’

‘बाबा, पुरे आता,’ लेक म्हणाली.

फरशीखाली तापणाऱ्या वायरची जाळी होती. जाळीवर फरशी, आणि भिंतीवर दाराशेजारी थर्मोस्टॅट. मी खोलीच्या मधोमध गुडघे टेकले, तळहात ठेवला. छान कोमट. तोंडातून निघून गेलं, ‘इथं तर ठीक आहे की.’

आजोबांनी मान खाली घातली. लेकीनं सुस्कारा सोडला. मला मात्र माझीच जीभ हासडावीशी वाटली. अर्ध्या मिनिटाच्या हातावरून निकाल देणारी मी कोण?

उठले आणि थर्मोस्टॅट उघडून बघितला. त्यावर खोलीची हवा मोजायचा पर्याय लावलेला. फरशीचं तापमान दाखवतच नव्हता.

‘हे कुणी बदललं?’

‘मीच,’ बाई म्हणाल्या. ‘मध्ये स्क्रीनवर सेन्सरची चूक लुकलुकायला लागली आणि फरशी बंदच पडली. बाबा गारठले. दुकानात फोन केला, तर ते म्हणाले, मेनूत जाऊन हवेवर लावा, चालू होईल. झाली चालू!’

‘झाली खरी.’ मला त्या दुकानदाराचे कान उपटावेसे वाटले. ‘अहो, फरशीचं तापमान सांगणारा सेन्सर मेला म्हणून यंत्रानं स्वतःहून गरम करणं थांबवलं होतं. शहाणं होतं ते. तुम्ही त्याला फरशीचा नाद सोडून हवेवर चालायला लावलंत. आता फरशी किती तापली याची खबरच त्याला नाही. आणि ते बसलंय दाराच्या फटीशेजारी! फटीतून गार वारा येतोय, त्याला वाटतंय खोली अजून गारच आहे. म्हणून दिवसरात्र तापवत बसलंय.’

‘पण फरशी कोमटच आहे ना? तुम्हीच म्हणालात.’

‘उघडी आहे तिथं. उघड्या फरशीवरची ऊब हवेत निघून जाते. झाकलेली कुठं आहे?’

दोघींचीही नजर खिडकीकडे गेली. तिथं जमिनीवर जाड गादी होती, वर दोन गोधड्या.

‘बाबा पलंगावरून पडले होते एकदा,’ बाई म्हणाल्या. ‘म्हणून मीच गादी खाली घातली. म्हटलं, खालून ऊबही मिळेल.’

मी गादी उलटली. खालून वाफ यावी तशी धग आली. तापमान मोजायची बंदूक रोखली: शेहेचाळीस. मध्ये मोकळ्या जागी एकोणतीस. दारापाशी सतरा, कारण जाळी तिथवर पोचलेलीच नव्हती. जाळी ठरलेल्या मापाची येते. वायर कापता येत नाही, म्हणून बसवणाऱ्यानं दाराकडची पट्टी तशीच सोडली होती.

‘हात लावून बघा,’ मी बाईंना म्हटलं.

त्यांनी हात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

‘मी वरून गादी चाचपून बघत होते,’ त्या पुटपुटल्या. ‘वरून नुसती उबदार लागायची.’

‘तुम्ही हात लावून उठत होतात. ते रात्रभर निजत होते. अंगाच्या वजनानं गादी दबते आणि धग तिथंच कोंडून राहते.’

बाईंच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ‘त्यांच्या कमरेवर लाल चट्टा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं, पडून पडून कातडं सोललंय. मी मलम लावून त्यांना परत तिथंच निजवायचे. ते उठून जायला लागले, तर मी रागवायचे.’

‘आज डॉक्टरांना दाखवा. आणि सांगा, की भाजलंय.’

मेन बंद केला. थर्मोस्टॅट काढून सेन्सरच्या तारांना मीटर लावला. चांगला सेन्सर दहा हजार ओहमच्या आसपास दाखवतो, गरम झाला की कमी. इथं काहीच नाही, आतून तार तुटलेली. जाळी मात्र शाबूत होती, तिचा आकडा लेबलवरच्या आकड्याशी जुळला. नशीब, की बसवणाऱ्यानं सेन्सर वायरींच्या मधोमध नळीत घातला होता. जुना ओढून काढला, नवा सरकवला. फरशी फोडावी लागली नाही. थर्मोस्टॅटमध्ये सेन्सरची जात तपासली, कारण भलतीच जात निवडली तर तो आकडेच खोटे दाखवतो. मग हवेसोबत फरशीचीही मर्यादा लावली: सत्तावीसच्या वर जायचं नाही. दाराची फट पट्टी लावून बुजवली.

‘पण गादी इथं परत घालायची नाही,’ मी बजावलं. ‘सेन्सर मोकळ्या जागेत आहे, गादीखालची धग त्याला कळणारच नाही. आणि सेन्सरवरच गादी घातलीत तर तो लगेच तापून सगळं बंद करेल, बाकी खोली गार पडेल. उंच पायांचा पलंग आणा, खालून हवा खेळू दे. बाजूला कठडा लावा, म्हणजे पडणार नाहीत. दारापाशी सतरंजी चालेल, तिथं खाली वायरच नाही.’

बाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्यांनी मोबाइल उचलला, भावाला सांगितलं, ‘बाबा कुठं जात नाहीयेत. बाबा खरं सांगत होते. दोन्ही वेळेला.’ आणि फोन ठेवून दिला. मग वडिलांच्या खुर्चीपाशी बसल्या आणि लहान मुलीसारख्या हमसून रडल्या. ‘चुकलं माझं, बाबा.’

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुरुस्तीत आणि चहात दोन-तीन तास गेले. तोवर खिडकीजवळची फरशी निवली. परत बंदूक रोखली: सव्वीस. इतकं हलकं वाटलं मला! ‘चला आजोबा,’ म्हटलं, ‘आता तुम्ही पास करा. हात लावा आणि सांगा, कशी आहे.’

ते वाकले. भला मोठा पंजा फरशीवर टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग लेकीकडे बघितलं.

‘तू सांग ना,’ ते म्हणाले. ‘काय म्हणू?’

‘तुम्हाला जे लागतंय ते म्हणा, बाबा.’

‘नको गं.’ त्यांनी हात उचलून मांडीवर घेतला. ‘चुकीचं सांगितलं, तर परत मला आश्रमात ठेवायचं म्हणशील.’